आजींच्या निऱ्या आणि सात महिन्यांचा बोका

"डॉक्टर, हा चावरा झालाय. काही इंजेक्शन देता, की कुठे सोडून येऊ?" सूनबाईंनी फोनवर एवढंच विचारलं. दवाखान्यातल्या टेबलावर मांजर दबून बसतं, घरचे रंग दाखवत नाही. म्हणून संध्याकाळी सातला मीच त्यांच्या घरी गेलो.

आजी स्वयंपाकघरातून देवघराकडे निघाल्या. सोफ्याखाली दोन डोळे दिसले, बाहुल्या पार मोठ्या झालेल्या. ढुंगण दोनदा हललं आणि बोका थेट आजींच्या घोट्यावर! गुरगुर नाही, फिस्कारणं नाही, कान पुढे. चिडलेलं मांजर कान चपटे करतं, आवाज करतं. हा मुकाट्याने शिकार करत होता, तीही निऱ्यांची. जमिनीलगत सळसळत लांब जाणारी साडीची कड त्याच्या लेखी उंदीरच. आजी ओरडून पाय ओढायच्या, मग तर उंदीर पक्का.

आजींना मधुमेह, आणि घोट्यावर दातांच्या दोन खुणा. त्यांनी हळद लावली होती. आधी नळाखाली साबणाने पंधरा मिनिटं जखम धुवायला लावली आणि रेबीजच्या इंजेक्शनसाठी त्यांच्या डॉक्टरांकडे पाठवायला सांगितलं. 

नातवाच्या मनगटांवरही ओरखडे होते. बोका पाचव्या आठवड्यातच एकटा घरी आलेला. भावंडांशी कुस्ती करताना जोरात चावलं की खेळ थांबतो, हे त्याला शिकायलाच मिळालं नाही. वर नातू रोज बोटं नाचवून त्याला खेळवायचा.

काठीला सुतळी आणि टोकाला चिंधी बांधली. नातू ती बोक्याच्या तोंडावर नाचवू लागला. म्हटलं, उंदीर कधी मांजराच्या तोंडात स्वतःहून येतो का? चिंधी भिंतीकडेने लांब पळव, सोफ्याआड थांबव, जरा थरथरव. दहा मिनिटांनी वेग कमी कर, त्याला पकडू दे आणि लगेच जेवण वाढ. सकाळी आजींच्या पूजेआधी एकदा, संध्याकाळी एकदा. लेझरचा ठिपका बंद, कारण त्यात हाती काहीच लागत नाही. मागच्या पायांनी लाथा झाडायला चिंध्या भरलेला मोजा दिला. हात पकडलाच तर हिसका द्यायचा नाही, निपचित ठेवायचा. सुटला की उठून जायचं. खेळ संपला की सुतळी कपाटात. गिळली तर आतडं गोळा होतं आणि पोट उघडावं लागतं.

युक्ती आजींनीच काढली. कनवटीला कागदाचा बोळा ठेवायच्या आणि सोफ्याजवळ आल्या की पुढे भिरकावायच्या. तिसऱ्या आठवड्यात घोट्यावरचे हल्ले रोजच्या चार-पाचांवरून आठवड्याला एकावर आले. नातवाचे ओरखडे मात्र ताजेच. तो अजून चोरून हातांनी खेळतो.

परवा बोक्याचं जुनं कार्ड काढलं. पहिल्या लसीचं, माझ्याच अक्षरातलं. वजन लिहिलंय, जंताचं औषध लिहिलंय. तेव्हाही पोराच्या हाताला ओरखडे असणारच. मी विचारलंच नव्हतं.