तुम्ही विचारलंत म्हणून: काफुने

"तुम्ही ब्राझीलला असता ना, मग ते काफुने काय असतं हो? केसांतून हात फिरवायचं त्या लोकांना एवढं काय कौतुक?"

तुम्ही पाठवलेल्या रीलमध्ये ती बाई लांबसडक केसांतून बोटं सर्रकन टोकापर्यंत ओढते ना, ते ब्राझीलच्या बाहिया राज्यात माझ्या सासरी करून बघा. सगळ्यांचे केस दाट कुरळे, बोट अडकतं, गुंता खेचला जातो आणि माणूस कळवळतो. तिथे बोटं मुळाशी घालायची, मानेच्या वरच्या खळगीपासून सुरू करायचं आणि तिथल्या तिथे लहान लहान गोल करत वर सरकायचं. आशीर्वाद दिल्यासारखा वरून हात फिरवलात तर नवरा म्हणेल हे काफुने नाही.

आणि घाई करायची नाही. केसाळ कातडीत एक वेगळ्या जातीचे मज्जातंतू असतात, सेकंदाला साधारण १ ते १० सेंटिमीटर सरकणाऱ्या मऊ स्पर्शाला ते सगळ्यात जास्त दाद देतात, हात भराभर चालला की थंड पडतात. हे प्रयोग बरेचसे हातावर झालेत, डोक्यावर नाही, पण रविवारी जेवणानंतर काफुने घेणारा माणूस दहा मिनिटांत घोरायला लागतो ते मी बघते.

पण मज्जातंतू तर सगळ्यांनाच असतात, मग ब्राझीलमध्येच एवढं का? नुकतंच लग्न झालेली मी असती तर म्हणाली असती, अगं किती मायाळू लोक, चाळिशीचा पोरगा आईच्या मांडीवर डोकं टाकतो. तिला आताची मी अजिबात आवडणार नाही, म्हणेल कशाला इतिहास काढून विचका करतेस. म्हणू दे.

झालं असं की आजेसासूबाई, त्यांना सगळे व्हॉ म्हणतात, व्हरांड्यात हॅमॉकमध्ये पडल्या होत्या. सासूबाई म्हणाल्या, जा, व्हॉला काफुने कर. मी खूश. जुन्या पद्धतीत नखावर नख आपटून ऊ मारल्यासारखा टिक आवाज काढतात हे मी वाचलेलं, जुन्या शब्दकोशांतही तसंच दिलंय, म्हणून हौसेने एकदा टिक केलं. व्हॉने माझं मनगट धरलं. जोरात नाही, पण धरून ठेवलं.

"नखं नको, पोरी."

मग त्यांनी सांगितलं, मला वाटतं मला कमी आणि सासूबाईंना जास्त. त्यांची आजी उसाच्या मळ्याच्या मालकाकडे घरकामाला होती. गुलामगिरी १८८८ मध्ये कायद्याने संपली होती, पण घर तेच, मालकीण तीच आणि काम तेच. दुपारी मालकीण आडवी झाली की आजीने उशाशी बसायचं. आधी उवा काढायच्या, उवा संपल्या की नुसतं टिक टिक करत राहायचं, झोप लागेपर्यंत. हात थांबला की मालकीण जागी. संध्याकाळी घरी आल्यावर स्वतःच्या मुली डोकं पुढे करायच्या आणि आजी ढकलून द्यायची, हात दुखतात म्हणून.

"माझ्या आईला ते कधीच मिळालं नाही," व्हॉ म्हणाल्या, "म्हणून ती माझं डोकं सोडायचीच नाही, मी पळून जायचे." आणि हसल्या. मला हसू आलं नाही. नवऱ्याने हे आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं होतं आणि तो कॉफी आणायला आत गेला तो लवकर बाहेरच आला नाही. मला राग आला होता, कोणावर ते अजून ठरत नाहीये.

म्हणजे हे काही व्हॉच्याच घरचं नाही. रोजे बास्तीद नावाचा फ्रेंच समाजशास्त्रज्ञ साओ पाउलोला शिकवायचा, त्याने १९४१ मध्ये काफुनेच्या मनोविश्लेषणावर निबंधच लिहिला. शब्दही पोर्तुगालमधून आला नाही, अंगोलातल्या किम्बुंदू भाषेकडून आला असं बहुतेक जण मानतात, म्हणजे ज्यांना जहाजात घालून आणलं त्यांच्याबरोबर.

मग ही माया की वेठ? नवरा म्हणतो आता कोण कोणाला जबरदस्ती करतंय, आपली माणसं आपल्या माणसांना करतात. मी म्हणते आपल्याच बिल्डिंगमध्ये बघ, पांढऱ्या युनिफॉर्ममधली बाई दुसऱ्याच्या बाळाला काफुने करून झोपवते आणि तिचं बाळ दोन बस बदलून जावं लागेल इतक्या लांब असतं. यावर तो म्हणतो, म्हणून मी तुला करू नको का? तर तसंही नाही. मला हवं असतं, रोज हवं असतं, आणि मी मागते.

सासूबाईंचं तिसरंच. त्या म्हणतात व्हॉ ती गोष्ट दर वेळी थोडी वाढवून सांगते, आणि तिची आजी हात दुखतात म्हणून नाही, मुळातच कडक होती. असेल. व्हॉ मात्र त्यानंतरही मला बोलावतात, फक्त आधी हात पुढे करायला लावून नखं तपासतात.