मार्चअखेरची विक्री आणि बदलीचा आदेश

चाकणच्या पट्ट्यात वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका मध्यम आकाराच्या लिस्टेड कंपनीत मी कंपनी सेक्रेटरी होते, तेव्हाची ही हकीकत. कंपनीचं नाव लिहीत नाही. तक्रार करणारी व्यक्ती ओळखू येऊ नये म्हणून काही तपशील आणि आकडे बदलले आहेत. ती स्त्री होती की पुरुष, हेही सांगणार नाही.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात रात्री ऑडिट कमिटीच्या अध्यक्षांचा फोन आला. हे गृहस्थ निवृत्त बँक अधिकारी, कंपनीचे स्वतंत्र संचालक, मोजकं बोलणारे. म्हणाले, "मॅडम, माझ्या ई-मेलवर एक तक्रार आलीये. तुम्हाला वाचून दाखवतो, पाठवणार नाही."

लिस्टेड कंपनी, लोकांकडून ठेवी घेणारी कंपनी आणि बँका व सार्वजनिक वित्तसंस्थांकडून ५० कोटींहून जास्त कर्ज घेतलेली कंपनी, या सगळ्यांना कंपनी कायदा २०१३ च्या कलम १७७ नुसार तक्रारीची अशी यंत्रणा ठेवावीच लागते. कायदा तिला व्हिजिल मेकॅनिझम म्हणतो, ऑफिसात सगळे व्हिसलब्लोअर पॉलिसी म्हणतात. एरवी आमच्याकडे तक्रार माझ्याकडे यायची. पण अपवादात्मक प्रकरणात कर्मचाऱ्याला थेट ऑडिट कमिटीच्या अध्यक्षांकडे जाता आलं पाहिजे, असं कलमातच आहे. म्हणून पॉलिसीत अध्यक्षांचा कंपनीबाहेरचा ई-मेल पत्ता छापलेला होता. याचा उपयोग त्या रात्री कळला. कंपनीचा मेल सर्व्हर आयटी विभागाच्या ताब्यात, आयटीचे प्रमुख सीएफओंच्या, म्हणजे वित्तप्रमुखांच्या, हाताखाली, आणि तक्रारीत पहिलं नाव सीएफओंचंच होतं. दुसरं प्लांट हेडचं.

तक्रारीत लिहिलं होतं की ३० आणि ३१ मार्चला दोन डीलरांच्या नावे इन्व्हॉइस फाडले, विक्री दाखवली, पण माल गेलाच नाही. गाड्या भरून गेटबाहेर काढल्या, मोशीच्या भाड्याच्या गोदामात रिकाम्या केल्या आणि काही तासांत ई-वे बिलं, म्हणजे माल रस्त्याने नेताना जीएसटीच्या पोर्टलवर काढावी लागणारी बिलं, रद्द केली. एप्रिल संपेपर्यंत क्रेडिट नोटा देऊन विक्री मागे घेतली जाईल, असंही होतं. खाली नाव नव्हतं. पण गाड्यांचे नंबर होते, गेट रजिस्टरचे पान क्रमांक होते आणि रद्द झालेल्या दोन ई-वे बिलांचे नंबर होते.

ऐकता ऐकताच माझ्या मनात तीन माणसं उभी राहिली. गेट रजिस्टर आणि ई-वे बिल या दोन्ही गोष्टी ज्यांच्या नजरेखालून जातात, असे कंपनीत तिघंच होते. मला हे कळायला मिनिटभर लागलं; सीएफओंना तेवढंही लागलं नसतं. आपली पॉलिसी नाव गुप्त ठेवण्याची हमी देते, आणि इथे मजकूरच नाव सांगत होता. तक्रार जितकी नेमकी, तितका तक्रारदार उघडा. मोघम लिहिलं असतं तर कोणी हात लावला नसता, पुराव्यासकट लिहिलं म्हणून धोका. या कामात मला सगळ्यात जास्त त्रास देणारी गोष्ट हीच आहे.

अध्यक्षांना मी एवढंच म्हटलं, "सर, ती पानं मागवायची नाहीत. पान मागितलं की माणूस कळला."

त्यांना लगेच पटलं. मग आम्ही तपासाची आखणी उलट्या बाजूने केली. वर्षअखेरीला आधीच्या वर्षाची विक्री कुठे संपते आणि नव्या वर्षाची कुठे सुरू होते हे ऑडिटर तपासतातच, त्याला कट-ऑफ म्हणतात. आमचं इंटर्नल ऑडिट बाहेरच्या सीए फर्मकडे होतं. अध्यक्षांनी त्या फर्मच्या पार्टनरना स्वतः बोलावून सांगितलं की यंदा कट-ऑफ जरा मोठा घ्या. तिन्ही प्लांटमधला २० मार्च ते १० एप्रिलचा सगळा डिस्पॅच. प्रत्येक इन्व्हॉइसला ई-वे बिल, गेटची जावक नोंद, ट्रान्सपोर्टरची बिल्टी, डीलरची पोच आणि भाड्याचं बिल, एवढं जोडून बघायचं. त्यात आमची पानं आपोआप येणार होती, आणखी शेकडो पानांबरोबर.

चोरी पकडून दिली ती भाड्याच्या बिलांनी. गेट रजिस्टर लिहून घेता येतं, डीलरचा शिक्काही मिळवता येतो. पण चाकणहून इंदूरला माल नेलेला ट्रान्सपोर्टर भाडं मागायचं विसरत नाही. १३ इन्व्हॉइस असे निघाले की बिल्टी होती, पण भाड्याचं बिल आलेलं नव्हतं, तशी तरतूदही वहीत नव्हती. तेरांपैकी नऊंची ई-वे बिलं रद्द झालेली. ई-वे बिल चोवीस तासांच्या आत रद्द करता येतं. ते रद्द करून इन्व्हॉइस मात्र वहीत तसाच ठेवायला काही कारण लागतं, आणि ते कोणाकडे नव्हतं. रक्कम होती साधारण २ कोटी ८० लाख. कारणही पुढे कळलं. तेवढी विक्री धरली नसती तर बँकेला कबूल केलेलं एक गुणोत्तर मोडत होतं आणि वरच्या दोघांचा वार्षिक बोनस जात होता.

तपास चालू असतानाचा एक दिवस मी विसरणार नाही. दुपारी सीएफओ आणि एचआर हेड माझ्या केबिनमध्ये आले आणि दार लावून घेतलं. सीएफओ म्हणाले, "मॅडम, यंदा कट-ऑफला एवढी माणसं कशाला लावलीत? कोणी काही लिहिलंय का?"

मी सांगितलं की इंटर्नल ऑडिटची व्याप्ती ऑडिट कमिटी ठरवते, विचारायचं असेल तर अध्यक्षांना विचारा.

मग एचआर हेडनी एक कागद पुढे केला. डिस्पॅचमधल्या एका व्यक्तीची होसूरच्या डेपोला बदली, दुसऱ्या दिवसापासून लागू. "रूटीन आहे," म्हणाले, "फक्त तुम्हाला कळवतोय." कागदावरचं नाव त्या तिघांपैकी होतं. ते नाव तक्रारदाराचं होतं की नाही, हे मी इथेही लिहिणार नाही.

आदेश थांबवायला आमच्या पॉलिसीत कलम होतं: चौकशी चालू असताना तक्रारदारावर बदली, निलंबन किंवा मूल्यमापनातून कारवाई करायची नाही. पण ते कलम मी उच्चारलं असतं तर त्या माणसाच्या कपाळावर शिक्का बसला असता. एकाच्या बदलीला हरकत घेणं म्हणजे तक्रार कोणाची ते सांगणंच. मी कागद ठेवून घेतला, म्हटलं बघते, आणि ते गेल्यावर अध्यक्षांना फोन केला. संध्याकाळपर्यंत त्यांच्या सहीने पत्र आलं. वर्षअखेरीचं ऑडिट पूर्ण होईपर्यंत डिस्पॅच, गेट, स्टोअर्स आणि अकाउंट्स या चारही खात्यांतली एकही बदली, राजीनाम्याची मागणी किंवा शिस्तभंगाची कारवाई ऑडिट कमिटीच्या लेखी संमतीशिवाय होणार नाही, कारण ऑडिटरांना ही माणसं लागतील. कारण खरंच होतं. पत्रात चाळीसच्या आसपास माणसं झाकली गेली आणि त्यात ती एक व्यक्तीही.

माझा पगार आणि बढती मॅनेजिंग डायरेक्टर ठरवत होते आणि सीएफओ त्यांच्या विश्वासातले, हे त्या दुपारी माझ्या डोक्यात नव्हतं असं नाही.

ऑडिट कमिटीच्या बैठकीला सीएफओ नेहमी निमंत्रित म्हणून बसत. त्या बैठकीत हा विषय आला तेव्हा अध्यक्षांनी त्यांना बाहेर थांबायला सांगितलं. स्टॅट्युटरी ऑडिटरना अहवाल दिला गेला. वर्षात आलेल्या व्हिसलब्लोअर तक्रारी विचारात घेतल्या का, याचं उत्तर त्यांनाही कारो २०२० खाली, म्हणजे ऑडिट अहवालात काय सांगायचं ते ठरवणाऱ्या सरकारी आदेशाखाली, आपल्या अहवालात द्यावं लागतं. रक्कम एक कोटीच्या वर असल्याने कंपनी कायद्याच्या कलम १४३ खालची, घोटाळा कळवण्याची त्यांची स्वतःची वाट सुरू झाली. दोन दिवसांत कमिटीला कळवायचं, उत्तराला ४५ दिवस द्यायचे आणि त्यानंतर १५ दिवसांत केंद्र सरकारकडे. वार्षिक निकाल जाहीर व्हायचे होते, त्यामुळे विक्री उलटवून आकडे दुरुस्त करता आले. हीच तक्रार जूनमध्ये आली असती तर भागधारकांना दिलेले आकडे बदलावे लागले असते. सीएफओ आणि प्लांट हेड दोघांनाही जावं लागलं.

बाहेरच्यांना वाटतं की इथे प्रकरण संपलं. तक्रारदाराचं खरं वर्ष यानंतर सुरू होतं, आणि तिथे कायदा फार लांबवर येत नाही. कलम १७७ म्हणतं, छळापासून पुरेसं संरक्षण द्या. ते मोडलं तर कंपनीला पाच लाख आणि दोषी अधिकाऱ्याला एक लाख दंड. छळ झालेल्याला काय मिळेल, यावर ते गप्प आहे. व्हिसलब्लोअर संरक्षण कायदा २०१४ साली संसदेत मंजूर झाला, पण तो सरकारी कारभाराविषयीच्या तक्रारींसाठी आहे, आणि तोही लागू झालेला नाही. सेबीचं माहिती देणाऱ्याला संरक्षण आहे ते इनसायडर ट्रेडिंगपुरतं. कामगार असाल तर कामगार कायद्यांचा दरवाजा आहे. पण पर्यवेक्षक किंवा मॅनेजर असाल आणि खासगी कंपनीने काढून टाकलं, तर दिवाणी कोर्ट सहसा भरपाई देतं, खुर्ची परत देत नाही.

म्हणून अध्यक्षांनी एक साधी गोष्ट लावून दिली. त्या चारही खात्यांतल्या सगळ्यांचं मूल्यमापन, पगारवाढ, बदल्या आणि सोडून गेलेल्यांची यादी दर सहा महिन्यांनी एचआरने कमिटीपुढे ठेवायची, दोन वर्षं. तक्रार वगैरे शब्द कुठे नाही. नुसती यादी, आधीच्या वर्षाच्या आकड्यांशेजारी. सूड उघड बदलीने घेतला जात नाही, तो पाचातले चार गुण दोनावर आणून घेतला जातो, आणि तो एकट्या कागदावर दिसत नाही. शेजारी मागचं वर्ष ठेवलं की दिसतो.

दुसऱ्या यादीत तो दिसला. एका व्यक्तीचं गेली अनेक वर्षं चारवर असलेलं मूल्यांकन दोनवर आलं होतं, शेरा होता "टीमबरोबर जमवून घेत नाही." नवे प्लांट हेड त्या आधीच्या मंडळींबरोबर काम केलेले. कमिटीने एकट्या त्या नावाबद्दल विचारलं नाही. ज्यांचे गुण दोन किंवा जास्त पायऱ्यांनी घसरले त्या पाचही जणांचं मूल्यमापन दुसऱ्या प्लांटच्या अधिकाऱ्याकडून पुन्हा करून घ्यायला सांगितलं. चौघांचे गुण तसेच राहिले, कारणं रास्त होती. एकाचे चार झाले.

पगारवाढीतला फरक थकबाकीसह मिळाला. त्या वर्षीची बढती मात्र तोवर दुसऱ्याला दिली गेली होती, आणि ती काढून घेण्याची तरतूद आमच्या पॉलिसीत नव्हती. पुढच्या वर्षी ती सुधारताना आम्ही एक वाक्य घातलं: सुधारित मूल्यांकनानुसार बढती देय होत असेल, तर ती जागा नसली तरी त्या श्रेणीचा पगार मागील तारखेपासून द्यावा. बोर्डात त्यावर बराच वेळ वाद झाला, खर्चाचा मुद्दा निघाला, शेवटी एका मताच्या फरकाने ते मंजूर झालं. ज्या व्यक्तीमुळे ते वाक्य आलं, तिला त्याचा लाभ मिळाला नाही. ते मंजुरीच्या तारखेपासूनच लागू होतं.