‘पण’च्या आधीचा श्वास

निफाडकडच्या एका द्राक्ष बागायतदारावरची छोटी फिल्म एडिटला आली होती. सगळी सरळ लागली, अडलं एकाच सांध्यावर. बागेत बसलेले काका म्हणतात, "माल एक नंबर आहे, पण भाव आपल्या हातात नाही." पुढचं दृश्य पॅकहाऊसचं. चित्र आणि आवाज एकाच फ्रेमवर कापले, की प्रीकूलिंगच्या मशीनची घरघर धाडकन अंगावर यायची. व्हॉल्यूम कमी करून भागेना, कारण बागेची शांतता तुटलेली कानाला कळतेच.

म्हणून जे-कट, म्हणजे पुढच्या दृश्याचा आवाज त्याच्या चित्राआधीच सुरू करायचा. पॅकहाऊसचा आवाज खालच्या ट्रॅकवर घेतला आणि Alt दाबून त्याचं फक्त टोक डावीकडे ओढलं. अख्खी क्लिप सरकवायची नाही. ती सरकली, की खोक्याला टेप मारल्याचा कर्रकर्र आधी ऐकू येतो आणि हात मागून हलतो.

ओढायला शिल्लक आवाज हवा, आणि तिथेच बोंब. शॉटच्या सुरुवातीलाच कुणीतरी "चला, घ्या!" म्हणून ओरडलंय. कॅमेरा सुरू झाल्यावर पाच सेकंद गप्प उभं राहायला आपल्याकडच्या लोकांचा जीव का जातो, कळत नाही. सुदैवाने मशीन एकसुरी होतं, त्यामुळे दुसऱ्या टेकमधली घरघर उचलून काही फ्रेमच्या क्रॉसफेडने जोडली, तरी सांधा कळला नाही.

आता ती सुरू कुठे करायची? ‘भाव’ शब्दावर केली तर काकांचा शब्दच बुडतो. ‘आहे’ आणि ‘पण’ यांच्या मध्ये काका श्वास घेतात, तिथे फेड-इन ठेवला. काकांच्या आवाजाखाली घरघर अगदी हलकी, चित्र आल्यावर पूर्ण. चित्र कापलं ‘भाव’च्या आधी, साधारण 15 फ्रेमनंतर. उरलेलं वाक्य पॅकहाऊसच्या दृश्यावर संपतं, म्हणजे त्याच सांध्यावर एल-कटही आला. पॅकहाऊसच्या पहिल्या शॉटमध्ये एक बाई शेजारणीशी बोलत होत्या. त्यांचे ओठ हलताना काकांचं वाक्य ऐकू आलं, तर डबिंग फसल्यासारखं वाटतं. त्याऐवजी घडातले खराब मणी कात्रीने काढणारे हात घेतले.

दिग्दर्शकाचा निरोप आला, "आवाज चुकून आधी आलाय, काहीतरी खडखडतंय." त्यांनी फोनवर ऐकलं होतं. फोनच्या स्पीकरवर मशीनचा खालचा सूर जवळजवळ निघतच नाही, उरते ती वरची खडखड, आणि ती खरोखर चूक वाटते. मग घरघरीच्या जोडीला टेपचा कर्रकर्र आधी आणला. तो कुठल्याही स्पीकरवर ओळखू येतो आणि कात्रीच्या हातांनंतर लगेच टेप मारणारा हात दिसतो. हेडफोनवर मात्र मला आधीचाच कट बरा वाटतो. टेपमुळे आता कुणीतरी काकांना मध्येच तोडल्यासारखं वाटतं. दिग्दर्शकांना नेमकं तेच आवडलंय.