राखाडी शी

काकूंनी बुटांच्या खोक्यातून आणलेलं मांजराचं पिल्लू पाच आठवड्यांचं होतं. "डॉक्टर, कालपासून खात नाही, शीही केली नाही." पोट चाचपलं तर मऊ कणकेसारखी गाठ हाताला लागली. थर्मामीटरच्या टोकाला राखाडी, चिकट गारा आला आणि मागच्या पंजाच्या बोटांमध्येही तेच वाळून बसलेलं.

"शी-शूच्या ट्रेमध्ये वाळू कुठली घालता?" क्लंपिंगच होती, म्हणजे बेंटोनाइट माती. ही माती पाणी शोषून कित्येक पटींनी फुगते आणि चिकटते. मोठ्या मांजराच्या बाबतीत हाच तिचा गुण. शूचा गोळा होतो, तो उचलून टाकला की वासही जातो. पण दूध सुटण्याच्या वयातलं पिल्लू दिसेल तो खडा चावून बघतं, पंजे चाटतं, आणि ती माती आतड्यातही फुगतेच.

एक्सरेत मोठ्या आतड्यात दाट पांढरी सावली दिसली. उलटी नव्हती आणि लहान आतडं वायूने फुगलेलं नव्हतं, म्हणजे वाट पूर्ण बंद झालेली नव्हती. म्हणून ऑपरेशन लांबवलं. कोमट सलाइन त्वचेखाली दिलं, मग अगदी थोड्या कोमट पाण्याचा एनिमा, हळूहळू. (फॉस्फेटचा तयार एनिमा मांजराला कधीही देऊ नये, जीव जातो.) संध्याकाळी राखाडी शी झाली, रात्री पिल्लू ओरडून खायला मागू लागलं.

तोवर काकूंचा प्रश्न होता, मग घालायचं काय? दवाखान्यात माती, लाकूड आणि कागद असे तिन्ही प्रकार असतात, तेव्हा टॉर्चच्या उजेडात ओतूनच दाखवले. मातीतून पांढरा धुरळा उठला. लाकडी पेलेट्स ओतताना जवळजवळ काहीच उडालं नाही, पण भिजून त्यांचा भुसा होतो आणि तो वाळल्यावर चाळताना उडतो. कागदी पेलेट्स सगळ्यांत स्वच्छ. टाक्यांच्या जखमेला चिकटत नाहीत म्हणून ऑपरेशननंतरही मी तेच देते.

कागदाची अडचण वासाची. शू शोषून घेतो, पण गोळा होत नाही, त्यामुळे ओला भाग तिथेच राहतो आणि अमोनिया सुटतो. "म्हणजे रोज ट्रे रिकामा?" हो, तुमच्या चार पिल्लांचा तर रोजच. वासाला लाकूड नक्कीच सरस, पण भट्टीत वाळवलेलं पाइन बघून घ्यावं, देवदार नको. शिवाय कडक पेलेट्स इवल्या पायांना टोचले की पिल्लं ट्रे सोडून गादीवर जातात, हे मी बरेचदा पाहिलंय.

काकूंना कागदी दिलं, ट्रेमध्ये दोन बोटं जाड थर. चार महिन्यांनंतर, खडे चावायची सवय गेली असेल तरच, क्लंपिंग थोडी थोडी मिसळत न्यायची. बाकीच्या तीन पिल्लांची शी मात्र दोन दिवस बघायला सांगितली. राखाडी दिसली तर फोन न करता सरळ घेऊन या, म्हटलं.