बीटा एचसीजी: सोमवार ते बुधवार म्हणजे नक्की किती तास?

आधी लॅबच्या काउंटरबद्दल लिहिते, कारण दोन महिने झाले तरी माझा राग तिथेच अडकलाय.

पाळी नऊ दिवस चुकली होती. घरी केलेल्या टेस्टवर दोन रेघा आल्या, त्यातली दुसरी जरा फिकट. आनंद दोनच दिवस टिकला, मग तपकिरी डाग दिसायला लागले आणि डाव्या बाजूला पोटात काहीतरी जड जड. सोमवारी संध्याकाळी राजारामपुरीतल्या माझ्या डॉक्टरांकडे गेलो. सोनोग्राफीत गर्भाशयाचं अस्तर जाड दिसत होतं, पिशवी कुठेच नाही. "पाच आठवडे जेमतेम झालेत, अजून न दिसणंही नॉर्मल असू शकतं. गर्भधारणेचा हार्मोन, म्हणजे रक्तातला बीटा एचसीजी, आज करा आणि अठ्ठेचाळीस तासांनी परत करा. एका आकड्यावरून मी काही सांगणार नाही," असं मॅडम म्हणाल्या. एका बाजूला जोरात कळ आली, चक्कर आली किंवा खांद्यात दुखायला लागलं तर दुसऱ्या रिपोर्टची वाट न बघता सरळ निघून यायचं, हेही त्यांनी दोनदा बजावलं. हे वाक्य मी त्या वेळी अर्धवटच ऐकलं. तुम्ही तसं करू नका.

रक्त दिलं सोमवारी संध्याकाळी साडेसहाला. मंगळवारी रिपोर्ट आला ३८६. नणंदेने रिपोर्टच्या खालचा तक्ता वाचून दाखवला, पाच आठवड्यांना १८ ते ७३४०. "बघ वहिनी, बसतंय की त्यात!" बसणारच. एवढ्या मोठ्या रेंजमध्ये चांगली गर्भधारणा, वाईट गर्भधारणा, सगळंच बसतं. त्या तक्त्याकडे बघून धीर धरू नये आणि घाबरूही नये.

अठ्ठेचाळीस तास म्हणजे बुधवारी संध्याकाळी साडेसहा. पण काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "वहिनी, बुधवारी सकाळी उपाशीपोटी या, म्हणजे संध्याकाळपर्यंत रिपोर्ट मिळतोय." मी शहाणी, गेले साडेआठला, चहासुद्धा न घेता. (या तपासणीला उपाशी राहायची गरजच नसते, हे नंतर कळलं.) संध्याकाळी मोबाईलवर आकडा आला, ५४९. दवाखान्यात फोन केला, तर तिथल्या ज्युनिअर डॉक्टरने आकडेमोड करून सांगितलं, "सोमवार ते बुधवार बेचाळीस टक्केच वाढ आहे. कमी वाटते. मॅडम उद्या बोलतील."

ती रात्र कशी गेली ते सांगत नाही. कमी म्हणजे किती कमी, एवढंच डोक्यात. सुरुवातीचा आकडा १५०० च्या खाली असेल तर ४८ तासांत निदान ४९ टक्के वाढ अपेक्षित असते, कारण टिकणाऱ्या जवळजवळ सगळ्या गर्भधारणांमध्ये तेवढी तरी होतेच. आकडा ३००० च्या पुढे गेला की हीच किमान मर्यादा ३३ टक्क्यांवर येते, म्हणजे आकडे मोठे झाले की दुप्पट व्हायचा वेगही मंदावतो. 'दोन दिवसांत दुप्पट झालंच पाहिजे' असं जे सगळ्या आत्या-मावश्या सांगतात, ती नुसती सरासरी. मर्यादा त्याहून बरीच खाली आहे. पण माझे बेचाळीस त्या मर्यादेच्याही खाली होते.

गुरुवारी पहाटे पाचला दोन्ही रिपोर्ट शेजारी ठेवले आणि तेव्हा लक्षात आलं की सोमवार संध्याकाळ ते बुधवार सकाळ हे अठ्ठेचाळीस तास नव्हेतच. बोटांवर मोजले, अडतीस. फोन आडवा धरला की कॅल्क्युलेटरमध्ये `ln` चं बटण येतं. दुप्पट व्हायला लागणारा वेळ असा निघतो:

```
T = t × ln(2) ÷ ln(b ÷ a)
```

यात `a` पहिला आकडा, `b` दुसरा, `t` मधले तास. ४८ तास धरले तर माझा आकडा दुप्पट व्हायला ९४ तास लागत होते. ३८ धरले तर ७५. त्याच वेगाने पूर्ण ४८ तास गेले असते तर वाढ झाली असती ५६ टक्के, म्हणजे मर्यादेच्या वर! मी नवऱ्याला उठवून बसवलं. झोपेत तोही म्हणाला, "मग झालं की."

झालं नव्हतं. त्याने चष्मा लावला आणि पहिल्या रिपोर्टवर बोट ठेवलं. 'कलेक्टेड' समोर छापलं होतं मंगळवार, सकाळी ७:१२. सोमवारी संध्याकाळी माझ्या दंडाला पट्टा बांधून घेतलेलं रक्त कागदावर मंगळवारी सकाळी घेतलं गेलं होतं! कागदावर विश्वास ठेवला तर मधे फक्त सव्वापंचवीस तास, दुप्पट व्हायला जेमतेम पन्नास तास, अगदी छान वाढ. दोन आकडे तेच, पण तास कुठले धरता त्यावर गर्भ बिघडलेला, काठावरचा किंवा ठणठणीत.

नऊला लॅब उघडली तेव्हा मी पायरीवरच होते. मुलगा म्हणाला, "सिस्टीममदनंच येतोय टाइम, आमी नाय घालत." घेतलेल्या रक्ताची वेळ कुठे तरी लिहिलेली असेल ना? "नळीवर नाव असतंय." वही आहे का? "वही सरांकडं." सर अकराला येणार. मी बसले. समोरच्या टीव्हीवर आवाज बंद करून कसलं तरी कीर्तन चालू होतं, टाळ दिसत होते पण वाजत नव्हते. अकराचे पावणेबारा झाले. मधे एकदा मला पावती मागितली, मग ती पावती सापडेना, मग ती माझ्याच हातात होती.

सर आले, वही आली, सोमवार ६:३५ सापडले. आणि मग त्यांनी असं काही सांगितलं की माझा सगळा हिशोबच पाण्यात गेला. संध्याकाळचे हार्मोनचे नमुने त्यांच्याकडे होत नाहीत, रात्री मुख्य लॅबला जातात. तिथे ते सकाळी ७:१२ ला नोंदले गेले, आणि तोच 'कलेक्टेड'. सकाळचे नमुने मात्र इथल्याच मशीनवर होतात. रिपोर्टच्या तळाशी बारीक अक्षरात पद्धत छापलेली असते, ती मी पाहिलीच नव्हती. एकावर ईसीएलआयए, दुसऱ्यावर सीएलआयए. एकच नळी दोन वेगळ्या यंत्रांवर लावली तर आकडे बऱ्यापैकी वेगळे येऊ शकतात, कारण प्रत्येक कंपनीची रसायनं एचसीजीचे तुकडे आपापल्या तऱ्हेने पकडतात. म्हणजे ३८६ आणि ५४९ यांची तुलनाच होत नव्हती. काउंटर एक, पावतीवर नाव एक, म्हणून यंत्रही एकच असेल असं मी धरून चालले होते.

सरांना विचारलं, सोमवारच्या रक्तातलं थोडं शिल्लक असेल तर इथल्या मशीनवर लावता येईल का? फ्रीजमध्ये ठेवलेलं सीरम दोनतीन दिवस चालतं, हे मॅडमनीच फोनवर सांगितलं होतं. त्यांनी मुख्य लॅबला फोन लावला. टाकून दिलं होतं.

मग उरला एकच मार्ग. बुधवारचा ५४९ हा पहिला आकडा मानायचा आणि शुक्रवारी सकाळी बरोबर साडेआठला, त्याच मशीनवर, परत रक्त द्यायचं. मॅडमही तेच म्हणाल्या, पण आणखी एक वाक्य जोडून, "तुमचे छप्पन्न टक्के खरे असते तरी मी निश्चिंत झाले नसते." गर्भाशयाऐवजी गर्भनलिकेत, म्हणजे नळीत, अडकलेली गर्भधारणासुद्धा काही बायकांमध्ये पहिले काही दिवस अगदी नीट वाढते. चांगली वाढ ही जागेची हमी देत नाही. मंद वाढ काहीतरी बिघडलंय हे सांगते, पण गर्भ गर्भाशयातच सुकतोय की नळीत अडकलाय, हे आकड्याला माहीत नसतं. पहाटे पाचचं माझं गणित बरोबर होतं आणि त्यावरून मी काढलेला अर्थ चुकीचा, हे पचवायला मला वेळ लागला.

शुक्रवारी नळीवर वेळ लिहून घेतली, माझ्यासमोर, निळ्या पेनने, ८:३०. आकडा आला ६५५. एकोणीस टक्के. दुप्पट व्हायला जवळपास आठ दिवस. आता वाद घालायला जागाच उरली नव्हती.

त्याच संध्याकाळी आतून सोनोग्राफी. अस्तर जाड, गर्भाशय रिकामं, आणि डाव्या अंडाशयाच्या शेजारी एक छोटी गोल गाठ. त्या वेळी आकडा हजाराच्याही आत होता. कुणी 'आकडा मोठा होऊ दे, मग सोनोग्राफी करू' म्हणालं तर ऐकू नका. गर्भाशयात पिशवी दिसायला आकडा पुरेसा वाढावा लागतो हे खरं, पण नळीतली गाठ त्याची वाट बघत नाही. एचसीजी बनवतात ते भावी वारेच्या पेशी. नळीच्या पातळ भिंतीत त्यांना गर्भाशयासारखं रक्त मिळत नाही, म्हणून आकडा रडतखडत वाढतो.

पुढचं सगळं मानाने सरळ झालं. पोटात रक्त नव्हतं, गाठ लहान होती, ठोके नव्हते, लिव्हर-किडनीचे रिपोर्ट ठीक. वाढणाऱ्या पेशी थांबवणाऱ्या मेथोट्रेक्सेटचं एक इंजेक्शन, उंची-वजनावरून ८० मिलिग्रॅम. फॉलिक ॲसिडची गोळी त्या दिवसापासून बंद, कारण ती या औषधाच्या उलट काम करते. ही गोळी मी सकाळीच घेतली होती, तेव्हा घरी आल्या आल्या पाकीट उचलून ठेवा. चौथ्या दिवशी आकडा ७०२. वाढला! पण हे आधी सांगितलेलं होतं, चौथ्या दिवशी वाढू शकतो. बघायचं असतं ते चौथ्यापासून सातव्यापर्यंत निदान पंधरा टक्के उतरतोय का. सातव्या दिवशी ५६१, म्हणजे वीस टक्के खाली. मग दर आठवड्याला रक्त, आकडा ५ च्या खाली येईपर्यंत. त्याला पाच आठवडे लागले.

दर वेळी सकाळी साडेआठला जायचे. तिसऱ्या आठवड्यापासून तो मुलगा मला बघितलं की नळी हातात घ्यायच्या आधी निळं पेन शोधायचा. शेवटच्या सोमवारी ३.१ आला. रिपोर्टवर 'कलेक्टेड' समोर ८:३१ छापलं होतं. नळीवर ८:३० होतं.