एकशेवीस शेतकरी कुठून आले?

आमच्या कृषी महाविद्यालयात विस्तार शिक्षणाच्या एम.एस्सी.च्या प्रबंधात सॅम्पलचा आकडा बहुतेक वेळा ठरलेलाच असतो: बारा गावं, दर गावात दहा शेतकरी, एकूण 120. मी इथे सांख्यिकी शिकवते, म्हणून सिनॉप्सिसवर सही करायला मुलं शेवटी माझ्याकडे येतात. तेव्हा सगळं ठरून गेलेलं असतं आणि उरलेली असते फक्त सही.

त्या दिवशी आलेला मुलगा मारेगावकडचा. घरी कोरडवाहू कापूस. विषय होता गुलाबी बोंडअळीच्या एकात्मिक व्यवस्थापनाचा शेतकऱ्यांनी केलेला अवलंब. 2017 च्या हंगामात आमच्या भागात बोंडअळीनं काय केलं ते त्यानं घरच्या वावरात पाहिलं होतं, त्यामुळे विषय त्याला कोणी दिलेला नव्हता. दुसऱ्या दिवशी सल्लागार समितीची बैठक होती. त्याच्या सिनॉप्सिसमध्ये मात्र नेहमीपेक्षा एक गोष्ट वेगळी होती. 120 च्या पुढे कारण लिहिलं होतं: आठ स्वतंत्र चल, परिणामाचा अपेक्षित आकार f² 0.15, खरा परिणाम असेल तर तो पकडण्याची शक्यता, म्हणजे पॉवर, 80 टक्के, म्हणून किमान 100, आणि सुरक्षित म्हणून 120. खाली R या सांख्यिकी सॉफ्टवेअरमधली ओळही चिकटवलेली.

```
library(pwr)
pwr.f2.test(u = 8, f2 = 0.15,
            sig.level = 0.05, power = 0.80)
```

मला बरं वाटलं. कारण लिहिलेलं असलं की निदान वाद तरी घालता येतो.

पहिली गोष्ट सोपी होती. ही आज्ञा उत्तरात v देते, तो सॅम्पलचा आकडा नसतो. u म्हणजे चलांची संख्या, v म्हणजे त्रुटीचे स्वातंत्र्यांश, आणि सॅम्पल म्हणजे v + u + 1. त्याचा v वर पूर्ण करून 100 आला होता, म्हणजे शेतकरी लागतात 109. 120 त्याच्या वरच असल्यानं त्याला काही फरक पडला नाही.

मग मी त्याची प्रश्नावली मागितली आणि आम्ही चल मोजायला बसलो. वय, शिक्षणाची वर्षं, जमीन, उत्पन्न आणि शेतीशाळेला हजेरी, हे पाच सरळ होते. हजेरी हो किंवा नाही, म्हणून तीही एकाच रकान्यात बसते. पुढचे तीन तसे नव्हते. ओलिताचा स्रोत कोरडवाहू, विहीर आणि कॅनॉल असा तीन प्रकारचा, तो रिग्रेशनमध्ये, एक प्रकार तुलनेसाठी सोडून, दोन रकाने घेतो. तालुके तीन, म्हणजे आणखी दोन. सल्ला कोणाकडून घेता, याला चार पर्याय: कृषी सहायक, कृषी केंद्रवाला, शेजारी, मोबाइल. त्याचे तीन रकाने. कागदावरचे आठ चल मॉडेलमध्ये बारा झाले. u जागी 12 टाकलं की 0.15 ला 127 शेतकरी लागतात.

“मॅडम, आता 120 बी कमीच पडून राह्यले,” तो म्हणाला.

सात शेतकरी वाढवून सही करता आली असती. पण मी त्याला विचारलं, की या अभ्यासातून तुला नक्की काय जाणून घ्यायचं आहे? तो लगेच म्हणाला, शेतीशाळेनं फरक पडतो का ते. वय, जमीन, ओलीत हे सगळं सारखं धरलं, तरी शेतीशाळेत बसलेला माणूस कामगंध सापळे लावतो का, निंबोळी अर्क फवारतो का, हंगाम संपल्यावरही तीच कपाशी ठेवून फरदड घेणं सोडतो का.

आता 127 हा आकडा या प्रश्नाचा नाहीच. तो दुसऱ्या प्रश्नाचा आहे: बाराही रकाने मिळून अवलंबाबद्दल काही सांगतात की नाही. त्याचं उत्तर ‘हो’ आलं तरी शेतीशाळेबद्दल काहीच कळत नाही. जमीन आणि ओलीत एवढ्यावरही ते ‘हो’ येऊ शकतं. G*Power या सॉफ्टवेअरमध्ये या दोन प्रश्नांच्या दोन वेगळ्या कसोट्या आहेत. एक `R² deviation from zero`, आणि दुसरी `R² increase`. दुसरीत दोन संख्या विचारतात: एकूण किती चल, आणि त्यातले तपासायचे किती. आपले एकूण 12, तपासायचा 1. मी f² तसाच 0.15 ठेवला आणि बटण दाबलं. उत्तर आलं 55.

पोरगा खुर्चीतच सरळ झाला. एकशेवीसवरून पंचावन्न म्हणजे अर्ध्याहून जास्त गावं वाचली.

खरी गोम इथेच आहे, आणि ती आकडा काढून देणारं सॉफ्टवेअर सांगत नाही. R² म्हणजे अवलंबातल्या एकूण फरकाचा चलांनी समजावलेला हिस्सा. पहिल्या कसोटीत f² म्हणजे R² भागिले (1 − R²), पूर्ण मॉडेलचा. 0.15 म्हणजे R² साधारण 0.13. दुसऱ्या कसोटीत वरच्या बाजूला फक्त शेतीशाळेमुळे वाढलेला R² येतो, आणि खाली 1 वजा पूर्ण मॉडेलचा R². बाकी अकरा रकाने 20 टक्के फरक समजावतात असं धरलं, तर तिथे 0.15 येण्यासाठी एकट्या शेतीशाळेनं वर आणखी दहा टक्क्यांच्या पुढे भर घालायला हवी. काही दिवसांच्या वर्गांकडून ही फार मोठी अपेक्षा. 0.02, 0.15 आणि 0.35 हे लहान, मध्यम, मोठे आकडे जेकब कोहेनचे. दुसरा आधार नसेल तरच ते वापरा, असं त्यानंच बजावलं होतं. आमच्याकडे मात्र 0.15 कोणाच्याही प्रबंधात आपोआप येऊन बसतो.

तो म्हणाला, आधार आहे, पायलट केलाय. तीस शेतकरी, बारा रकाने, R² आला 0.52. त्यावरून f² 1.08 निघतो, आणि पूर्ण मॉडेलला तेवढे तीसच शेतकरी जवळपास पुरतात. मी त्याला कागदावर एक भागाकार करायला लावला: 12 भागिले 29. उत्तर 0.41. कशाचाही कशाशी काडीचा संबंध नसला, तरी तीस माणसं आणि बारा रकाने घेतले की R² सरासरीनं एवढा येतोच. म्हणजे त्याच्या 0.52 मधला मोठा भाग नुसता रकान्यांचा. समायोजित R² काढला तर 0.18, आणि तीस माणसांवर तोही भरवशाचा नाही. पायलटमधून प्रश्न कुठे अडतात ते कळतं, गुणांचा पसारा किती ते कळतं. f² त्यातून उचलू नये.

पसाऱ्याचा आकडा मात्र कामाचा निघाला. त्याच्या अवलंब निर्देशांकात वीस शिफारशी होत्या. पूर्ण अवलंबाला 2 गुण, अंशतः असेल तर 1, नसेल तर 0. एकूण 40. पायलटमध्ये प्रमाण विचलन 6 च्या आसपास. मग मी उलटं विचारलं: शेतीशाळेत बसलेल्या शेतकऱ्यानं न बसलेल्यापेक्षा कमीत कमी किती गुण जास्त मिळवले, तर तू म्हणशील की शाळा भरवणं कामाचं आहे? तो बराच वेळ बसून राहिला. बाहेर व्हरांड्यात कोणीतरी मोटरसायकलला किका मारत होतं. मग म्हणाला, “दोन गुण. एक तरी शिफारस पूर्ण उचलली पाहिजे. कायले त्याहून कमीसाठी लोकायले बसवता?”

दोन गुणांचा हिशेब मग वहीत पूर्ण केला. निम्मे शेतकरी शाळेत गेलेले, निम्मे नाहीत, असं सॅम्पल घेतलं तर दोन गुणांच्या फरकामुळे येणारं विचरण 2 × 2 × 0.25, म्हणजे 1. एकूण विचरण 6 × 6, म्हणजे 36. वाढलेला R² झाला 1/36, पावणेतीन टक्के. बाकीच्या चलांचे 20 टक्के धरले तर f² साधारण 0.036, आणि शेतकरी लागतात 220 च्या आसपास.

पण एवढ्यावर थांबता येत नाही, कारण शाळेत कोण जातं? शिकलेला, थोडी जास्त जमीन असलेला, कृषी सहायकाच्या ओळखीतला. म्हणजे हजेरीचा काही भाग बाकी रकान्यांतूनच कळतो. हा भाग 20 टक्के धरला तर शाळेची स्वतःची म्हणावी अशी माहिती पाचात चार हिस्सेच उरते. वाढलेला R² 2.2 टक्क्यांवर येतो, f² 0.029 च्या खाली उतरतो, आणि शेतकरी 277. एकूण चलांची संख्या या कसोटीत फारशी महाग पडत नाही. बाराऐवजी आठ रकाने असते तरी आकडा जवळपास तोच राहिला असता. महाग पडतं ते चलांचं एकमेकांत गुंतणं.

“120 घेऊन टाकले तर?”

तेही काढलं. 120 शेतकऱ्यांत, हीच गृहीतकं ठेवून, 80 टक्के पॉवरनं पकडता येतो तो फरक तीन गुणांचा. दोन गुणांचा खरा फरक असला, तरी तो हातून निसटण्याची शक्यता निम्म्याहून अधिक. आणि प्रबंधात मग वाक्य छापलं जातं की शेतीशाळेचा परिणाम आढळला नाही.

त्याच्या मार्गदर्शकांना मी फोन केला. सर भले गृहस्थ, पण 277 ऐकून म्हणाले, “मॅडम, पोराला दोन वर्षांत बाहेर पडायचंय.” खरं होतं. वेचणीच्या दिवसांत शेतकरी सकाळी वावरात, दुपारी वावरात; संध्याकाळी भेटला तर चाळीस मिनिटं बसेल. तोडगा त्यांनीच काढला. त्यांचीच दुसरी एक विद्यार्थिनी त्याच तालुक्यांत कीटकनाशकांच्या सुरक्षित वापरावर काम करणार होती. अवलंबाची अनुसूची दोघांनी एकच ठेवायची आणि प्रत्येकानं 140 मुलाखती घ्यायच्या. त्या संध्याकाळी दोघंही माझ्यासमोर बसून शिफारशींची यादी जुळवत होती, आणि फरदड न घेणं याला ‘अंशतः’ असा गुण असू शकतो का, यावर भांडत होती.

दुसऱ्या दिवशी समितीत अपेक्षित प्रश्न आला: आजवर 120 चालले, आता का नाही? मुलानं f² चं नावही काढलं नाही. दोन गुण आणि तीन गुण एवढंच फळ्यावर लिहिलं. एका सदस्यांनी मात्र माझ्या मनातली शंका बोलून दाखवली. एका गावातले दहा शेतकरी एकमेकांचं पाहून फवारतात, कृषी सहायकही एकच. त्यांना दहा वेगळी माणसं कसं म्हणायचं? 277 चा हिशेब प्रत्येक शेतकरी स्वतंत्र आहे असं धरूनच केलेला असतो. गावातलं साम्य 0.05 इतकं कमी धरलं, तरी दर गावात दहा शेतकरी घेतल्यावर सॅम्पल 1.45 पट लागू शकतं; पाच घेतले तर 1.2 पट. शाळेत गेलेले आणि न गेलेले असे दोन्ही शेतकरी प्रत्येक गावात असले तर शेतीशाळेच्या चलाला एवढा फटका बसणार नाही, पण शाळा झालेली आणि न झालेली अशी वेगळी गावं निवडली तर बसेल, आणि पुरता बसेल.

म्हणून शेवटी असं ठरलं की शेतीशाळा झालेलीच गावं घ्यायची. दर गावात पाच शेतकरी, आणि त्यांतले शाळेत गेलेले एका गावात दोन तर पुढच्यात तीन, म्हणजे बेरीज निम्मी-निम्मी राहील. छप्पन्न गावं, दोघांत वाटून. पेट्रोलचा खर्च वाढला, त्यावर सर थोडे कुरकुरले. सिनॉप्सिसवर मी सही केली ती 280 च्या आकड्याखाली, आणि त्याखाली मुलाकडून एक ओळ लिहून घेतली: हा आकडा दोन गुणांचा फरक शोधण्यासाठी आहे, त्याहून लहान फरकाबद्दल हा अभ्यास काही सांगणार नाही.