किक मारायची नाही

दर्यापूरकडच्या आमच्या घरी, गोठ्यात कुटाराच्या मागं, बाबांची राजदूत कित्येक वर्षं उभी होती. दहावीची परीक्षा देऊन मोकळ्या झालेल्या माझ्या पोरानं ती बाहेर ओढली आणि सरळ किकवर उभा राहिला. किक हललीच नाही.

"काहून जोर करतं बे? पिस्टन धरला तिचा," बाबा म्हणाले. "मी सांगतो तवरी किक मारायची नाही."

पोराचं तोंड उतरलं. गाडी म्हणजे किक, बाकी सगळी तयारी, असं त्याचं मत. बाबांचं नेमकं उलटं. त्यांनी प्लग काढून त्या भोकातून डिझेल आणि थोडं ऑईल सोडलं, गाडी तशीच ठेवली. काही दिवसांनी वरचा गिअर टाकून मागचं चाक हलकेच पुढं-मागं करायला लावलं. खालच्या गिअरमध्ये हेच चाक फार जड जातं. एका सकाळी पिस्टन सुटला. मग भोकावर अंगठा दाबून धरायला सांगितला आणि बाबांनी किक हातानं खाली दाबली. पोराचा अंगठा बाहेर फेकल्या गेला.

"दम हाय अजून," बाबा म्हणाले. गाडीत, असा अर्थ मी घेतला.

आता ठिणगी. प्लग सिलिंडरच्या पात्यांना टेकवून पाहिला तर पिवळी, मरतुकडी ठिणगी, तीही मधूनच. झाकण उघडलं तर पॉइंटवर काळा थर. बारीक पॉलिश पेपरनं घासला, पेट्रोलच्या फडक्यानं पुसला. पॉइंट पूर्ण उघडल्यावर साधारण 0.4 मिलिमीटर फट हवी. गेज घरात नव्हता. बाबांनी दाढीच्या चार पात्या एकावर एक धरल्या. एक पाती 0.1 मिलिमीटरची, हिशेब चोख! यानंतरची ठिणगी निळी होती आणि तिचा चट्ट आवाज ओट्यापर्यंत आला.

कार्बोरेटरच्या जेटमध्ये वाळलेल्या पेट्रोलचा डिंक होता. पोरानं तार घेतली, बाबांनी ती हिसकली. भोक मोठं झालं की गाडी जन्मभर पेट्रोल पिते. सायकलच्या पंपानं हवा मारली. टाकीतला गंज धुऊन लिटरमागं 40 मिली टू-टी ऑईल घातलेलं पेट्रोल भरलं.

"मार आता."

पोरानं इतक्या दिवसांचा राग काढला. गाडी नुसती खोकली. प्लग काढला तर ओलाचिंब, पेट्रोलचा वास. पेट्रोल जास्त झालं होतं. कॉक बंद, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण उघडा, प्लगविना किका मारून आतलं पेट्रोल उडवलं. प्लग पुसून उन्हात ठेवला. मे महिन्यातलं वऱ्हाडी ऊन पहिल्यांदा कामी आलं. पुन्हा प्लग बसवला, कॉक उघडला.

"आता धसमुसू नको. दम लागते तिथवर हळू दाब, मंग एकच."

एकच लागली. सायलेन्सरमधून आधी पांढरा लोट निघाला, सिलिंडरमध्ये सोडलेलं सगळं ऑईल एकदम जळत होतं, आणि त्यामागून ती ओळखीची डबडब. पोरगा ओरडला, बाबांनी त्याला गप करून कान इंजिनाकडे लावला. तेवढ्यात धुरातून आईचा आवाज आला, "अरे, कुरडया वाळत हायेत माह्या!"